आईच्या ठेवी, जप्ती आणि "हा कायदा राज्याला करताच येत नाही" हा मुद्दा: आमचे सात वर्षांचे अनुभव

मागच्या महिन्यात आईच्या खात्यात 1 लाख 86 हजार जमा झाले. मूळ ठेव 6 लाखांची, म्हणजे 31 टक्के, उरलेल्याचं काय ते पुढच्या लिलावावर. पण या वाटेत एक टप्पा असा आला की आम्ही सगळे ठेवीदार पार गोंधळून गेलो होतो, आणि तेव्हा मराठीत कुठेही नीट वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून लिहितेय. मी वकील नाही, शाळेत गणित शिकवते. चूक असेल तर सांगा, दुरुस्त करीन.

थोडक्यात पार्श्वभूमी. आई जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात नर्स होती, 2018 ला रिटायर झाली. मिळालेल्या पैशातले 6 लाख तिने एका खासगी फायनान्स कंपनीत ठेवले, साडेबारा टक्के व्याज, पावती छापील, कंपनी रजिस्टर्ड. कंपनीचं नाव लिहीत नाही, केस अजून चालू आहे. दोन वर्षं व्याज वेळेवर आलं. जानेवारी 2021 मध्ये व्याजाचा चेक परत आला, मग ऑफिसला "सिस्टीम अपडेट चालू आहे" अशी चिठ्ठी, आणि मग कुलूप.

ऑगस्ट 2021 मध्ये आर्थिक गुन्हे शाखेत गुन्हा दाखल झाला, महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण अधिनियम 1999 खाली, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. जबाब द्यायला जाताना मूळ पावत्या, पासबुकच्या ज्या पानावर पैसे गेले त्याची झेरॉक्स, आधार, पॅन आणि कॅन्सल चेक असं न्यावं लागतं. मूळ पावती पोलिसांनी ठेवून घेतली तर पोच नक्की घ्या, आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी ती घेतली नव्हती आणि नंतर दावा अर्जाच्या वेळी त्यांचे चार महिने त्याच्यात गेले. जून 2022 मध्ये जप्तीची अधिसूचना राजपत्रात आली: कंपनीची दोन ऑफिसं, एक गोडाऊन, संचालकांचे तीन फ्लॅट आणि शेतजमीन. त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली.

आनंद पाच महिने टिकला. नोव्हेंबर 2022 मध्ये ग्रुपवर मेसेज आला की संचालकांनी मुंबई हायकोर्टात रिट याचिका टाकलीय आणि मागणी अशी की हा कायदाच घटनाबाह्य ठरवा, कारण असा कायदा करायचा अधिकार राज्याच्या विधानसभेला नाही, तो विषय संसदेचा आहे. म्हणजे आमचे पैसे त्यांनी घेतले की नाही, बुडवले की नाही, यावर एक शब्द नाही, थेट कायद्याच्याच मुळावर. आणि खरंच कायदा गेला तर जप्तीही गेली, कारण ती त्याच कायद्याच्या कलम 4 खाली झालेली. त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं आहे.

आम्ही 42 ठेवीदारांनी मिळून हस्तक्षेप अर्ज करायचं ठरवलं, म्हणजे त्या याचिकेत आमचंही म्हणणं ऐका असा अर्ज. वकीलबाई आमच्या तालुक्याच्याच, आता मुंबईला प्रॅक्टिस करतात. फी माणशी 1500, त्याशिवाय टायपिंग, झेरॉक्स, कोर्ट फी आणि नोटरी मिळून एकूण 19 हजारांच्या आसपास खर्च आला, तो वाटून घेतला. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हाला वेळ आहे का? मला एक तक्ता करून हवाय. या कायद्याचं प्रत्येक कलम प्रत्यक्षात काय करतं ते एका बाजूला, आणि सातव्या अनुसूचीतली कोणती नोंद लागू शकते ते दुसऱ्या बाजूला. कायद्याचं नाव विसरून जा, काम काय करतो तेवढंच लिहा." दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलेली, मी शनिवार रविवार बसून ते केलं. तिथूनच मला हा विषय कळायला लागला.

आधी साधी गोष्ट. आपल्या घटनेच्या कलम 246 प्रमाणे कायदे करायचे विषय तीन याद्यांत वाटलेत, त्या याद्या सातव्या अनुसूचीत आहेत. संघ सूची संसदेची, राज्य सूची विधानसभेची, समवर्ती सूची दोघांची. विरोधी बाजू म्हणत होती की ठेवी घेणाऱ्या कंपन्यांबद्दल कायदा म्हणजे संघ सूचीतली नोंद 43, तिच्यात व्यापारी निगमांची, म्हणजे कंपन्यांसारख्या संस्थांची, स्थापना, नियमन आणि समापन, म्हणजे त्या गुंडाळणं, येतं आणि त्यात बँकिंग, विमा आणि वित्तीय निगम असे शब्द स्पष्ट घातलेत. शिवाय नोंद 44, एकाहून जास्त राज्यांत काम करणारे निगम, आणि नोंद 45, बँकिंग. रिझर्व्ह बँक कायद्यात ठेवींवर अख्खं प्रकरण आहे, कंपनी कायद्यात ठेवींची तरतूद आहे, मग राज्य मध्ये कुठून आलं. वाचून मला वाटलं, अरे हे तर बरोबरच बोलतायत. इतकं वाटलं की मी वकीलबाईंना फोन करून सरळ विचारलं, आपण हरणार का?

त्यांनी उत्तर दिलं नाही, एक निकाल वाचायला दिला. 1947 चा, प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा, प्रफुल्ल कुमार मुखर्जी विरुद्ध बँक ऑफ कॉमर्स, खुलना. इंग्रजांच्या काळातला, आणि खुलना आता बांगलादेशात. बंगालच्या विधिमंडळाने 1940 मध्ये सावकारी कायदा केला, त्यात कर्जदाराकडून मुद्दल आणि व्याज मिळून किती वसूल करता येईल यावर मर्यादा घातली. बँकेने पैसे दिले होते प्रॉमिसरी नोटवर, म्हणजे पैसे परत देण्याच्या लेखी वचनावर. तेव्हा 1935 च्या कायद्यात सावकारी प्रांताच्या यादीत होती आणि प्रॉमिसरी नोट आणि बँकिंग केंद्राच्या यादीत. बँक म्हणाली की प्रांताने प्रॉमिसरी नोटला हात लावला, कायदा रद्द करा.

प्रिव्ही कौन्सिलने तो रद्द केला नाही. त्यांचं म्हणणं असं की विषय एकमेकांत गुंतलेले असतातच, कर्ज द्यायचं म्हटलं की कागद लागणार, कागद प्रॉमिसरी नोट असू शकतो. म्हणून बघायचं काय, तर कायद्याचा खरा गाभा कशाबद्दल आहे. इंग्रजीत याला पिथ अँड सबस्टन्स म्हणतात, माझ्या डोक्यात मी त्याला "सार" म्हणते. सार जर सावकारी असेल तर जाता जाता दुसऱ्या यादीतल्या विषयाला थोडा धक्का लागला तरी चालतो. इथे एक बारीक गोष्ट होती जी मी आधी चुकीची समजले होते. मला वाटलेलं की धक्का "किती" यावर ठरतं, दहा टक्के चालेल, पन्नास नाही. तसं नाहीये. त्या निकालात म्हटलंय की अतिक्रमण किती झालंय हे बघायचं, पण ते टक्केवारी मोजून कायदा पास-नापास करायला नाही, तर सार नक्की काय आहे हे ओळखायला. म्हणजे खूप अतिक्रमण दिसलं तर शंका घ्यायची की अरे, गाभाच दुसरा तर नाही ना. एकदा गाभा आपल्या यादीत बसला की धक्का लहान की मोठा हा प्रश्न उरत नाही. गणित शिकवत असल्यामुळे मला टक्केवारीचाच मोह झाला होता, वकीलबाईंनी तो खोडला.

आता माझा तक्ता. मी राजपत्रातला कायदा शब्द न शब्द वाचला. कलम 3: दगलबाजीने ठेव परत केली नाही तर सहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कलम 4: सरकार अधिसूचना काढून मालमत्ता जप्त करू शकतं, आणि ठेवीच्या पैशातून घेतलेली मालमत्ता सापडली नाही किंवा पुरली नाही तर संचालक, प्रवर्तक, भागीदार, व्यवस्थापक यांचीसुद्धा. कलम 5: सक्षम प्राधिकारी, म्हणजे जप्त मालमत्ता सांभाळणारा सरकारी अधिकारी, जो उपजिल्हाधिकारी दर्जाच्या खाली नको. कलम 6 आणि 7: विशेष न्यायालय, नोटीस देणं, आक्षेप ऐकणं, जप्ती कायम करणं आणि ठेवीदारांत वाटप करणं. मग मी उलट्या बाजूने बघितलं, की यात काय नाही. कंपनी कशी स्थापन करायची, भांडवल किती, संचालक कोण असावेत, व्याजाचा दर किती द्यावा, ठेव घ्यायला परवाना लागतो का, यावर या कलमांत एक ओळ नाही.

आणि एक व्याख्या, जी माझ्या तक्त्यातली सगळ्यात उपयोगी ओळ ठरली असं वकीलबाई म्हणाल्या. "वित्तीय आस्थापना" म्हणजे कोणतीही व्यक्ती जी कोणत्याही योजनेखाली ठेवी घेते, पण सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्था आणि बँकिंग नियमन कायद्यातल्या बँका यातून वगळल्यात. म्हणजे कायद्याने स्वतःच बँक बाहेर ठेवलीय. मग "हा बँकिंगचा कायदा आहे" असं कसं म्हणता येईल? शिवाय "कोणतीही व्यक्ती" म्हटल्यावर कंपनी असो, पार्टनरशिप असो, की भिशी चालवणारा एकटा माणूस असो, सगळे आले. संचालकाच्या स्वतःच्या फ्लॅटवर जप्ती येते. हा कंपनीच्या रचनेचा कायदा असता तर कंपनीपाशी थांबला असता.

विरोधकांचा खरा जड मुद्दा मात्र वाटपाचा होता, आणि त्यावर आमचा बराच वेळ गेला. मालमत्ता विकून पैसे वाटणं म्हणजे कंपनीचं समापनच की, आणि समापन नोंद 43 मध्ये शब्दशः लिहिलंय. राज्य सूचीतल्या नोंद 32 मध्ये निगमांचं नियमन आणि समापन आहे खरं, पण "संघ सूचीत उल्लेखिलेल्यांखेरीज" असे शब्द आहेत, मग त्या वित्तीय कंपनीला नोंद 32 कशी लागणार. मी दोन दिवस या वाक्यावर अडकले होते. वकीलबाईंनी फरक दाखवला तो असा: समापनात कंपनी संपते, ती ज्यांचं देणं लागते त्या सगळ्यांचा हिशोब होतो, पगार, कर, बँकेचं कर्ज, पुरवठादार, सगळं. इथे कंपनी जिवंत राहते, तिचं नाव रजिस्टरमध्ये राहतं, फक्त जप्त केलेल्या मालमत्तेतून फक्त ठेवीदारांना परत देतात. दिसायला सारखं, काम वेगळं. म्हणून नुसतं "पैसे वाटले" एवढ्या साम्यावर न जाता कायदा कोणाकडे बघून केलाय, कोणत्या त्रासावर केलाय आणि त्याचा परिणाम कोणावर पडतो हे तिन्ही बघायचं असतं.

आता मजेची नव्हे, खरंच धक्कादायक वाटलेली गोष्ट. हाच प्रश्न याआधी दोन हायकोर्टांनी सोडवला होता आणि उत्तरं उलटी निघाली होती! तामिळनाडूत 1997 मध्ये असाच कायदा झालेला, मद्रास हायकोर्टाच्या फुल बेंचने, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या खंडपीठाने, तो वैध ठरवला. आणि आपल्या मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने 2005 मध्ये विजय पुलजल प्रकरणात आपला कायदा अवैध ठरवला, कारण तो त्यांना संघ सूचीतल्या विषयात शिरलेला दिसला. मी हे वाचलं तेव्हा पोटात गोळाच आला, आमच्याच कायद्याविरुद्ध आमच्याच हायकोर्टाच्या फुल बेंचचा निकाल. विरोधकांच्या याचिकेत त्यातले परिच्छेदच्या परिच्छेद उतरवलेले.

त्या याचिकेत जे आलं नव्हतं ते पुढचं. 4 मार्च 2011 ला सुप्रीम कोर्टाने के. के. भास्करन प्रकरणात, न्यायमूर्ती काटजू यांनी लिहिलेल्या निकालात, तामिळनाडूचा कायदा वैध ठरवला आणि मुंबईच्या फुल बेंचशी असहमती लिहिली. म्हटलं की साराच्या दृष्टीने हा कायदा राज्य सूचीतल्या नोंद 1, 30 आणि 32 शी जोडलेला आहे, म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था, सावकारी आणि सावकार, आणि निगमांबद्दलची ती नोंद. कायद्याचा हेतू काय, तर जास्त व्याजाचं आमिष दाखवून फसवणाऱ्यांच्या तावडीतून हजारो ठेवीदारांना सोडवणं. दोन्ही राज्यांच्या कायद्यांत फरक आहेत पण ते किरकोळ, असंही त्यात आहे. आणि मग 2012 मध्ये सोनल हेमंत जोशी प्रकरणात आणि पुलजल प्रकरणातल्या राज्याच्या अपिलात सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्राच्या कायद्यालाही तेच लागू केलं. म्हणजे 2005 चा निकाल आता उभा नाही. हे वाचल्यावर मी रात्री साडेअकराला ग्रुपवर टाकलं, काकांनी लगेच हात जोडलेले पाठवले.

इथे एक टीप, मनापासून. कोणीही तुम्हाला निकालाचा परिच्छेद दाखवला तर त्यानंतर वरच्या कोर्टात काय झालं ते आधी शोधा. आम्ही चार दिवस उगाच रडत बसलो. निकाल सुप्रीम कोर्टाच्या वेबसाईटवर फुकट मिळतात, पक्षकारांची नावं टाकून शोधता येतात. वर्ष आणि बेंच लिहून ठेवा, मग वकिलाशी बोलायला सोपं जातं.

फेब्रुवारी 2023 मध्ये पहिली तारीख पडली, बोर्डावर आमचं प्रकरण 61 वं होतं, तिथपर्यंत पोहोचलंच नाही. मग मार्च, मग एप्रिलच्या शेवटी. मी दोनदा गेले, एसटीने रात्री निघून पहाटे मुंबई, परत रात्री. तिसऱ्या तारखेला विरोधी वकिलांनी सुमारे चाळीस मिनिटं मांडणी केली, आणि त्यात दुसरा मुद्दा काढला, कलरेबल लेजिस्लेशनचा. म्हणजे बाहेरून रंग एक लावलाय, आत दुसरंच आहे. त्यांचं म्हणणं, सरकारला खरं तर कंपन्या ताब्यात घ्यायच्यात, निवडणुका जवळ आल्या की ठेवीदारांची मतं मिळवायला असले कायदे करतात, हेतूच वाईट. ऐकताना मला राग आला आणि आत कुठेतरी भीतीही, कारण राजकारण्यांचे हेतू नेहमी चांगलेच असतात असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

परतीच्या वाटेवर वकीलबाईंनी जे समजावलं ते मला या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हेतू चांगला की वाईट हा प्रश्न इथे येतच नाही. ओरिसाचं एक प्रकरण, 1953 चं, गजपती नारायण देव. तिथे सरकारने जमीनदारी ताब्यात घेताना जमीनदारांची भरपाई निव्वळ उत्पन्नावर ठरायची, आणि राज्याने 1950 मध्ये शेती उत्पन्नावरचा कर वाढवला. कर वाढला की निव्वळ उत्पन्न कमी, उत्पन्न कमी की भरपाई कमी. जमीनदार म्हणाले, हा कर नाही, भरपाई खाली आणायची युक्ती आहे. सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं नाही. शेती उत्पन्नावर कर लावणं राज्य सूचीत आहे, कर खरोखरचा कर आहे, मग मनात काय होतं याला महत्त्व नाही. न्यायमूर्ती मुखर्जी यांनी स्पष्ट केलं की या तत्त्वात सद्हेतू-दुर्हेतूचा प्रश्न नाही, प्रश्न फक्त अधिकार आहे की नाही याचा. जे सरळ करता येत नाही ते आडवाटेने करता येत नाही, एवढंच.

मग कलरेबल म्हणून कधी पडतं? त्याचं उदाहरण त्याच्या वर्षभर आधीचं, 1952, बिहार विरुद्ध कामेश्वर सिंह. जमीनदारांना भरपाई ठरवताना बिहारच्या कायद्यात एक वजावट होती, रयतेच्या फायद्याच्या कामांचा खर्च म्हणून ढोबळ उत्पन्नातून 4 ते साडेबारा टक्के कापायचे. जमीनदाराने असा खर्च खरोखर केलाय का हे न बघताच कापायचे. नाव "भरपाईचं तत्त्व", पण आत भरपाईच नाही, नुसती भरपाई कमी करणारी एक कल्पना. ते कलम कोर्टाने टिकवलं नाही. दोन्ही ठिकाणी परिणाम तोच, भरपाई कमी झाली. फरक असा की ओरिसात नाव बाजूला केलं तरी खाली खराखुरा कर उरतो, बिहारमध्ये नाव बाजूला केलं की खाली काहीच उरत नाही.

हे कळल्यावर मी आमच्या कायद्यावर तेच करून बघितलं. "ठेवीदारांचं संरक्षण" हे नाव काढून टाकलं. काय उरतं? फसवणाऱ्याला शिक्षा, त्याची मालमत्ता बांधून ठेवणं, कोर्टासमोर आक्षेप ऐकणं, ज्याचे पैसे त्याला देणं. नाव काढलं तरी काम तेच राहतं. मग रंग कुठला आणि आत लपवलेलं काय? वकीलबाई म्हणाल्या हेच दोन परिच्छेदांत लिहून द्या, आणि आमच्या अर्जाच्या प्रतिज्ञापत्रात त्यातला बराच भाग त्यांनी त्यांच्या भाषेत घातला. नोटरीला 200 रुपये लागले.

अजून एका गोष्टीवर आमच्या ग्रुपमध्ये सतत गोंधळ व्हायचा, म्हणून सांगते. लोक म्हणायचे, केंद्राचा कायदा आहे ना, मग राज्याचा आपोआप रद्द. हा प्रश्न वेगळा आहे. तो विसंगतीचा प्रश्न, कलम 254 चा, आणि तो मुख्यतः समवर्ती सूचीतल्या विषयांवर दोघांनीही कायदे केले की उठतो. त्याच्या आधी बघायचं की कायदा कोणत्या यादीत बसतो. अधिकारच नसेल तर राष्ट्रपतींची संमती घेतली तरी कायदा वाचत नाही, आणि सार राज्य सूचीत नीट बसलं तर संघाच्या कायद्याशी कुठे थोडा घासला म्हणून पडत नाही. क्रम चुकला की सगळा युक्तिवाद चुकतो. माझ्या तक्त्याच्या पहिल्या खर्ड्यात मी हे दोन्ही एकाच रकान्यात घातले होते, वकीलबाईंनी लाल पेनाने मधे रेघ मारली.

आणि हो, एप्रिल 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने एनएसईएल, म्हणजे नॅशनल स्पॉट एक्सचेंज या कंपनीच्या प्रकरणात याच कायद्याखालच्या जप्त्या पुन्हा लागू केल्या होत्या, हे आमच्या बाजूने सरकारी वकिलांनी ठळकपणे सांगितलं. ते मुख्यतः "ठेव" कशाला म्हणायचं यावर आहे, यादीच्या प्रश्नावर आमचा आधार भास्करनच होता, पण कोर्टात त्याचा प्रभाव पडला असं मला वाटलं.

11 जुलै 2023. मी शाळेत होते, मधल्या सुट्टीत फोन आला. कोर्टाने याचिकाकर्त्यांच्या वकिलांना विचारलं की सुप्रीम कोर्टाचे हे निकाल कलम 141 खाली आमच्यावर बंधनकारक आहेत, यातून तुम्ही वेगळे कसे? थोडी चर्चा झाली आणि त्यांनी याचिका मागे घ्यायची परवानगी मागितली, जप्तीवरचे आक्षेप विशेष न्यायालयात मांडायची मोकळीक ठेवून. परवानगी मिळाली. म्हणजे आमच्या नावाचा कुठलाही मोठा निकाल नाही, दीड पानाचा आदेश आहे फक्त. मला आधी वाईटच वाटलं, एवढा तक्ता केला आणि कोर्टाने त्यावर एक ओळही लिहिली नाही. आई म्हणाली, "बाई, निकाल नको, जप्ती राहिली ना?" राहिली.

त्यानंतर विशेष न्यायालयात उरलेलं साधं काम, पण वेळखाऊ. सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा अर्ज, त्याला पावत्या, बँक तपशील, आणि वारस असतील तर त्यांची कागदपत्रं. आमच्या ग्रुपमधल्या तीन ठेवीदारांचं मधल्या काळात निधन झालं, त्यांच्या मुलांना वारस दाखल्यासाठी सहा-आठ महिने लागले, तेव्हा नॉमिनेशन असलं तरी वारसांचे कागद आधीच गोळा करून ठेवा. फेब्रुवारी 2024 मध्ये जप्ती कायम झाली. संचालकांना वाटलं तर 60 दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं, त्यांनी केलं पण स्थगिती मिळाली नाही. एक ऑफिस आणि गोडाऊन विकलं गेलं, आणि मागच्या महिन्यात पहिलं वाटप झालं.

ज्यांना सध्या अशी नोटीस किंवा मेसेज आलाय त्यांच्यासाठी माझा तक्ता द्यायला मी तयार आहे, तीन पानं आहेत, हाताने लिहिलेली, फोटो काढून पाठवते. दोन दुरुस्त्या वकीलबाईंच्या लाल पेनाच्या आहेत, त्या तशाच ठेवल्यात. पुढची तारीख 9 जानेवारीला आहे, शेतजमिनीच्या मूल्यांकनासाठी, आणि यावेळी आई स्वतः येणार म्हणतेय.